पहिला घास किती वाजता?

छत्रपती संभाजीनगर, सिडको

चि. मृणाल,


दादाच्या रक्ततपासणीचं तू पुण्याहून केलेलं बुकिंग वहिनीनं काल मला मोबाइलवर दाखवलं. FBS आणि PPBS या दोन्हींवर खूण केली आहेस आणि दोन्हींना सकाळी सात ते साडेसात हीच वेळ घेतली आहेस. फॉर्मनं ती मुकाट्यानं घेतलीही. पण लॅबचा मुलगा एकदाच येऊन दोन नळ्या भरून गेला, तर दोन्ही नळ्यांत उपाशीपोटीचंच रक्त जाईल आणि रिपोर्टवर मात्र दोन वेगळी नावं छापून येतील. इतकी वर्षं लॅबमध्ये काढल्यावर हे बघून मला गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एफबीएस म्हणजे उपाशीपोटीची साखर आणि पीपीबीएस म्हणजे खाल्ल्यानंतरची. आपल्याकडचे डॉक्टर बहुधा चिठ्ठीवर नुसतं ‘बीएसएल एफ अँड पीपी’ असं खरडतात, तेही हेच. रक्त एकाच सकाळी दोनदा द्यायचं असतं आणि दोन्हींच्या मध्ये रोजचा नाश्ता आणि रोजची गोळी येते. पहिल्या आकड्यावरून कळतं की रात्रभर पोटात काही नसताना यकृत रक्तात किती साखर सोडतं आणि शरीराचं इन्सुलिन ती किती आवरतं. दुसऱ्यावरून कळतं की दादा रोज जे खातो ते त्याच्या शरीराला आणि त्याच्या औषधाला कितपत झेपतं. डॉक्टरांना दोन्ही हवे असतात, कारण एक ठीक आणि दुसरा बिघडलेला असं पुष्कळांचं असतं.

आधी उपाशी राहण्याचं बघू. निदान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. दहा तास झाले तरी चालतात, पण ‘जास्त उपाशी राहिलं म्हणजे रिपोर्ट जास्त चांगला’ असं समजून सोळा तास ताणू नये. दादा साडेनऊला जेवतो हे खरं, पण बातम्या संपल्यावर अकराच्या सुमारास हळद घातलेलं दूध घेतो आणि ते ‘जेवण’ म्हणून मोजत नाही. शरीर मोजतं. आठ तास त्या दुधापासून धरायचे, म्हणजे जरा उशीर झाला की सातची वेळ हुकली. त्या रात्री दूध नको, एवढंच वहिनीला सांग. पाणी हवं तेवढं प्यावं. पाणी पिऊन गेलेल्या माणसाची शीर पटकन सापडते. दात घासायला हरकत नाही. चहा मात्र बिनसाखरेचाही नको, कारण त्यात दूध असतं. तंबाखू, सुपारी, मशेरी हेही रक्त देऊन होईपर्यंत दूर ठेवावं.

उपासाच्या दिवशी तपासणी ठेवू नकोस. एकादशीला ‘मी उपाशीच आहे’ असं सांगून साबुदाण्याची खिचडी आणि केळं खाऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा काही लबाडीचा हेतू नसतो. रमजानात रोजा धरणाऱ्यांची अडचण वेगळी असते: पहाटेच्या सहरीपासून आठ तास मोजले तर दुपार होते आणि त्यानंतर नाश्ता करता येत नाही. अशांनी डॉक्टरांनाच विचारून दिवस ठरवावा. आपल्या गावची आणखी एक खोड तुला पुण्यात आठवणार नाही. महापालिकेचं पाणी इथे काही दिवसांच्या खंडानं येतं, ते कधी भल्या पहाटे येतं, मग सगळं घर उठून टाक्या भरतं आणि चारच्या सुमारास चहा होतोच. तेव्हा वहिनीला विचारून पाण्याचा दिवस टाळ.

आता गोळीचं. इथे चूक झाली तर नुसता आकडा बिघडत नाही, माणूस अडचणीत येतो. दादाला सकाळी नाश्त्याआधी घ्यायची जी गोळी आहे तिच्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. ती गोळी त्यानं सवयीनं सहाला उठल्या उठल्या घेतली आणि लॅबचा मुलगा आठला उगवला, तर उपाशीपोटी साखर घसरेल. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधडणं, बोलताना गोंधळणं ही त्याची लक्षणं. तसं झालं तर तपासणी गेली खड्ड्यात. तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. हे टाळायला क्रम साधा आहे: पहिलं रक्त, मग रोजची गोळी, मग लगेच नाश्ता. आदल्या रात्रीची गोळी नेहमीप्रमाणेच घ्यायची. रक्तदाबाची गोळी सकाळी पाण्याबरोबर घेतली तरी चालते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचं कसं करायचं हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं, अंदाजानं काही करू नये.

आणि गोळी चुकवायची नाही. ‘तपासणी आहे, आज औषध नको’ असं दादा म्हणेल. पण डॉक्टरांना औषधासकटची साखर बघायची आहे, डोस पुरतो का हे त्यावरूनच ठरतं. गोळी न घेता दिलेल्या रक्ताचा आकडा वर जाईल आणि दादाला विनाकारण जास्त डोस लागेल.

पीपीबीएसचा सगळा खेळ घड्याळाचा. दोन तास मोजायचे ते पहिला घास तोंडात गेल्यापासून. ताट उचलल्यापासून नव्हे, हात धुतल्यापासून नव्हे. लॅबमधलीही बरीच माणसं नुसतं ‘जेवणानंतर दोन तास’ म्हणतात आणि माणूस जेवण संपल्यापासून मोजतो. दादाला पेपर वाचत पोहे खायला अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास रक्त उशिरा गेलं की साखर उतरणीला लागलेली असू शकते आणि आकडा खरा वाटेल पण असेल कमी. म्हणून त्या दिवशी नाश्ता पंधरा-वीस मिनिटांत संपवायचा आणि पहिल्या घासाची वेळ कागदावर लिहून ठेवायची.

नाश्ता कसला, तर रोजचाच. गेल्या वेळी दादानं तपासणी म्हणून दोन मारी बिस्किटं आणि अर्धा कप चहा घेतला. रिपोर्ट आला: उपाशीपोटी १४८ आणि खाल्ल्यावर १३१. तो खूश झाला. मी विचारलं तेव्हा कळलं की ती बिस्किटं आठला खाल्ली होती आणि रक्त घेतलं अकराला, आणि मधल्या वेळात तो सलीम अली सरोवराकडे चक्करही मारून आला होता. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणजे १३१ हा आकडा त्याच्या पोह्यांबद्दल काहीच सांगत नव्हता. त्याच्या रोजच्या बशीभर पोह्यांनी साखर कुठवर जाते हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. उलट काहीजण तपासणी झाली म्हणून सुटकेच्या आनंदात गुलमंडीवर गरम इमरती खाऊन दुसरं रक्त द्यायला येतात, तेही तितकंच निरुपयोगी. पोहे असतील तर पोहे, पोळी-भाजी असेल तर पोळी-भाजी. रोज जेवढं, तेवढंच.

म्हणून दादाचं वेळापत्रक असं लाव. रात्री साडेनऊनंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी सातला पहिलं रक्त. सव्वासातला गोळी, साडेसातला पहिला घास, पावणेआठपर्यंत नाश्ता संपवायचा. साडेनऊला दुसरं रक्त. मधल्या वेळेत फक्त पाणी, घरातली साधी ये-जा. फिरायला जायचं नाही आणि शेजारच्या काकांबरोबरचा साडेआठचा चहा तेवढ्यापुरता बंद. म्हणजे तुला दुसरी वेळ साडेनऊची घ्यायला हवी, आणि मुलगा अर्ध्या तासात कधीही येईल अशी नको. ती मिळत नसेल तर दादाला रिक्षानं लॅबमध्येच नेऊन बसवते मी. चिठ्ठीवर ‘पीएलबीएस’ असेल तर ती दुपारच्या जेवणानंतरची असते, तेव्हा चिठ्ठी एकदा नीट बघ.

रक्त घेताना नळीचं टोपण राखाडी आहे का हे वहिनीला बघायला सांग. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. नळीत आल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत नुसतं ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. फ्लोराइड ते थांबवतं, पण लगेच नाही, त्यालाही तासाभराहून अधिक वेळ लागतो. म्हणून घरून नेलेलं रक्त चार घरं फिरून दुपारी लॅबला पोचण्यापेक्षा थेट गेलेलं बरं.

जाता जाता, तुझ्या नणंदेला दिवस गेले आहेत असं कळलं. तिला साखरेच्या तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतील आणि दोन तासांनी रक्त घेतील. ती पीपीबीएस नव्हे. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशी असणं आवश्यक धरत नाहीत आणि १४० ही मर्यादा मानतात. ग्लुकोजऐवजी नाश्ता करून रक्त दिलं तर ती तपासणी झालीच नाही असं समज.

दादाचा रिपोर्ट आला की आकड्याआधी वेळा वाच. रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते, आपल्या कागदावरची घासाची वेळ तिच्याशी ताडून बघ. मधुमेह असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि खाल्ल्यावर १८० च्या आत असं सर्वसाधारण लक्ष्य धरतात. दादाचं त्याचे डॉक्टर ठरवतील. खाल्ल्यावरचा आकडा उपाशीपोटीच्या खाली आला तर लगेच आनंद नको आणि घाबरणंही नको. आधी विचारायचं की किती खाल्लं, किती वाजता, मधे चालणं झालं का, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या का. सगळं चोख असूनही तसं येऊ शकतं, गोळीच्या जोरानं किंवा पोट हळू रिकामं होत असल्यानं, आणि ते ओळखणं डॉक्टरांचं काम. एका विचित्र रिपोर्टवरून घरी कुणी गोळी कमी-जास्त करायची नाही. त्याच क्रमानं पुन्हा एकदा दोन्ही तपासण्या करून तो कागद, वेळांसकट, डॉक्टरांपुढे ठेवायचा.

तुझी,
आत्या