चार रकाने आणि एक बाळ

पोटापाण्यासाठी गाव सोडून पुण्याला आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणी बांधकामावर विटा वाहतो, कोणी मार्केट यार्डात हमाली करतो. त्यांच्या वस्तीत अंगणवाडी असते. वस्तीतली मुले फारच अशक्त झाली, तर त्यांना काही दिवस जादा आहार देण्यासाठी तिथेच केंद्र चालवतात. शहरात त्याला नागरी बाल विकास केंद्र म्हणतात आणि गावात ग्राम बाल विकास केंद्र. महाराष्ट्र सरकारने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. त्या मिशनच्या काळात गावोगाव अशी केंद्रे चालू झाली.

केंद्रात प्रत्येक मुलाचे एक कार्ड असते. त्यावर मुख्य चार रकाने: वजन, दंडाचे माप, खाणे आणि धोक्याच्या खुणा. हे रकाने कसे भरायचे आणि कसे वाचायचे, ते आपण एका कार्डावरून पाहू.

समजा, वीस महिन्यांची एक मुलगी आहे. आईबाप बांधकामावर जातात. मुलीला सांभाळायला आजी गावाहून आली आहे. आजी साक्षरतेच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकली आहे.

पहिला रकाना: वजन

सेविकाताईने आढ्याला टांगता काटा अडकवला होता. काटा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. वरून किंवा खालून पाहिले, तर आकडा चुकतो. तिने काट्याला आधी रिकामी झोळी अडकवली आणि काटा शून्यावर आणला. मग मुलीचे कपडे काढायला सांगितले.

आजी म्हणाली, "अगं ताई, राहू दे की झबलं. तेवढ्यानं काय होतंय?"

"आजी, झबलं, वाळे, कमरेचा करगोटा, सगळं मिळून पाव किलोसुद्धा भरतं. आज कपड्यासकट मोजलं आणि पुढच्या खेपेला उघडं मोजलं, तर पोर वाळलं असं वाटेल. पोर तसं नसेल, फक्त झबलं गेलं असेल."

मुलगी झोळीत रडून हातपाय झाडू लागली. ताई थांबली. काटा हलायचा राहिला, तेव्हा तिने आकडा मोठ्याने वाचला, "सात किलो दोनशे ग्रॅम." आणि लगेच लिहिला. घरी जाऊन आठवून लिहायचे नाही. दर खेपेला काटा तोच, वेळ तीच आणि मोजणी खाण्याच्या आधी, हा नियम.

दुसरा रकाना: दंडाचे माप

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड मोजतात. त्यासाठी लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगाची पट्टी असते.

ताईने मुलीचा डावा हात कोपरात वाकवला. खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजले आणि बरोबर मध्यावर पेनाने खूण केली. मग हात सरळ खाली सोडला आणि खुणेवर पट्टी गुंडाळली. पट्टी कातडीत रुतता कामा नये आणि तिच्याखाली फटही राहता कामा नये. ओढून धरली तर माप कमी येते. सैल धरली तर जास्त येते.

माप आले ११.२ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली लाल रंग आहे. त्या मुलाला तीव्र कुपोषण आहे असे समजतात. ११.५ पासून १२.५ च्या आतपर्यंत पिवळा आणि १२.५ पासून पुढे हिरवा.

ताईने नुसते "लाल" लिहिले नाही. ११.२ असा आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात ११.४ झाले, तरी रंग लालच राहील, पण मूल सुधारत असल्याचे कळेल. नुसता रंग लिहिला, तर ते कळणार नाही.

तिसरा रकाना: खाणे

फार अशक्त मुलाची भूक मरते. भूक मेलेले मूल घरी किंवा केंद्रात ठेवून भागत नाही, त्याला दवाखाना लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी भुकेची परीक्षा घेतात.

शेंगदाण्याचे कूट, दूध पावडर, साखर आणि तेल घालून केलेले दाट अन्न ताईने तोलून वाटीत घेतले. मुलीने आधीचे दोन तास काही खाल्लेले नव्हते. आजीने हात धुतले, मुलीला मांडीवर घेतले आणि शांत कोपऱ्यात बसून हळूहळू भरवले. बाजूला पाणी होते. घाई नव्हती, जबरदस्ती नव्हती. नाक दाबून भरवले, तर ती भुकेची परीक्षा होत नाही.

शेवटी उरलेले अन्न पुन्हा तोलले. मुलीच्या पोटात ४० ग्रॅम गेले होते. ७ ते १० किलो वजनाच्या मुलाने निदान ३३ ग्रॅम खाल्ले, तर भूक शाबूत आहे असे धरतात. मुलगी परीक्षेत उतरली.

ही परीक्षा पहिल्या दिवसाची. पण खाण्याची नोंद पुढे रोज करायची. किती वाढले, किती उरले आणि कसे खाल्ले, तीन गोष्टी लिहायच्या. "आपण होऊन खाल्ले", "गोडीगुलाबीने खाल्ले", "तोंड फिरवले". वाटी रिकामी झाली, म्हणून मुलानेच खाल्ले असे नव्हे. थोरल्या भावानेही हात मारलेला असतो.

चौथा रकाना: धोक्याच्या खुणा

या खुणा काट्यावर दिसत नाहीत. मुलाकडे पाहूनच त्या शोधाव्या लागतात. मूल काहीच पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. खाल्लेले सगळे ओकते. आचके येतात. हाक मारली तरी डोळे उघडत नाही, मलूल पडून राहते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. अंग गार पडते किंवा तापाने फणफणते. यांतली एक जरी खूण दिसली, तरी बाकीचे रकाने भरत बसायचे नाही. १०८ वर फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

आणखी एक खूण दाबून पाहावी लागते, ती म्हणजे सूज. ताईने दोन्ही अंगठ्यांनी मुलीच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजू दाबल्या आणि सावकाश म्हटले, "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन." मग अंगठे उचलले. कातडी लगेच वर आली. खड्डा राहिला नाही. तिने लिहिले, "सूज नाही." रकाना कोरा ठेवला नाही. कोऱ्या रकान्यावरून पुढच्या माणसाला कळत नाही की खूण नव्हती, की कोणी पाहिलीच नाही.

वजन वाढले, पण...

आठवड्याने दुसरी नोंद झाली. वजन ७ किलो ४०० ग्रॅम. दंड ११.४. खाणे आपण होऊन, सगळे. सूज नाही. चारही रकाने एकच गोष्ट सांगत होते.

मग गावची जत्रा आली. सगळे गावी गेले. तिथे मुलीला जुलाब झाले. "पोट बिघडलंय, जड नको," असे म्हणून घरच्यांनी दोन आठवडे नुसती भाताची पेज दिली. परत आल्यावर ताईने वजन केले. काटा ७ किलो ९०० ग्रॅमवर गेला.

आजी हरखली. कार्ड हातात घेऊन तिने स्वतः आकडा वाचला. "सात, नऊशे! अर्धा किलो वाढली की गं पोरगी. गाल बघ कसं भरल्यात. गावचं पाणी मानवलं!"

"आजी, तुम्हाला वाचता येतं ना? मग पुढचे रकानेपण वाचा."

आजीने बोट ठेवून वाचले. दंड ११.३. तो वाढला नव्हता, उलट उतरला होता. खाणे: दोन घास, मग तोंड फिरवले. आजीचे बोट तिथेच थांबले.

"ताई, खाल्लं नाही, दंड भरला नाही. मग अर्धा किलो आलं कुठून?"

ताईने मुलीची दोन्ही पावले दाबली. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. अंगठे उचलले. दोन्ही पावलांवर खड्डे तसेच राहिले.

"पाण्यातून आलं, आजी. हे मांस नाही, अंगात पाणी साठलंय. गालही त्यानंच फुगलेत."

ताईने वजनाचा आकडा खोडला नाही. आकडा खरा होता, फक्त त्याचा अर्थ वेगळा होता. तिने पुढे लिहिले, "दोन्ही पायांवर सूज. भूक नाही. आज दवाखान्यात पाठवले." कार्ड आईच्या हाती दिले, कारण डॉक्टरांनाही मागच्या नोंदी हव्या असतात. मुलीला चादरीत उबदार गुंडाळले. ती जागी होती, म्हणून वाटेत अंगावर पाजत राहायला सांगितले. मूल बेशुद्ध किंवा मलूल असेल, तर त्याच्या तोंडात काही ओतायचे नाही, ठसका लागतो.

दवाखान्यातून मुलगी परतली, तेव्हा वजन भरले ७ किलो २०० ग्रॅम. आईचे तोंड उतरले. "इतके दिवस ठेवली आणि वजन घटलं?"

या खेपेला आजीच बोलली. "अगं, पाणी उतरलं. सूज गेली बघ. आणि वाटी रिकामी केली की नाही तिनं?"

केंद्राचे दिवस संपले, तरी ताईने दर आठवड्याची नोंद सोडली नाही. आता वजन सावकाश चढले, पण त्याच्या बरोबरीने दंडही भरत गेला. दोन-अडीच महिन्यांनी दंड १२.५ झाला. ताईने त्याच दिवशी कार्ड बंद केले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा १२.५ आले, सूज नव्हती, तेव्हा केले. एका दिवशी पट्टी सैलही लागू शकते.

आजीने वाचलेले कार्ड

पहिली नोंद: वजन ७.२ किलो, दंड ११.२, खाणे ४० ग्रॅम, सूज नाही.
दुसरी नोंद: वजन ७.४ किलो, दंड ११.४, खाणे सगळे, सूज नाही.
तिसरी नोंद: वजन ७.९ किलो, दंड ११.३, खाणे दोन घास, दोन्ही पायांवर सूज.
चौथी नोंद: वजन ७.२ किलो, दंड ११.३, खाणे सगळे, सूज नाही.

वाचा आणि सांगा

१. सर्वांत जास्त वजन कोणत्या नोंदीत आहे? त्या दिवशी मुलगी बरी होती का?
२. पहिल्या आणि चौथ्या नोंदीत वजन सारखेच आहे. मग घरच्यांना चौथ्या नोंदीने धीर का आला?
३. सूज नसेल, तर रकाना कोरा का ठेवू नये?
४. तुमच्या घरात पाच वर्षांखालचे मूल असेल, तर अंगणवाडीतून त्याचे कार्ड मागून घ्या आणि शेवटची नोंद मोठ्याने वाचा. सगळे रकाने भरलेले आहेत का?