सामन्याचा वृत्तांत : यादीकडून कथनाकडे

भाताची खाचरे मोकळी झाली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कबड्डीचे व टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. त्यांचे वृत्तांत आपल्यापैकी कोणी ना कोणी लिहून स्थानिक साप्ताहिकाकडे पाठवतो. असे बहुतेक वृत्तांत खरे असतात आणि तरीही वाचवत नाहीत. अमुक संघाने नाणेफेक जिंकली, अमुक खेळाडू बाद झाला, अमुक संघ विजयी झाला, अशी ती घटनांची यादी असते. यादीचे कथन कसे होते, हे या पाठात पाहू. उदाहरणासाठी आपणा सर्वांच्या परिचयाचा सामना घेतला आहे, म्हणजे लेखकाने कोठे काय केले हे प्रत्येकाला पडताळता येईल. तो सामना म्हणजे २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर झालेला भारत-श्रीलंका विश्वचषक अंतिम सामना.

भारताच्या डावाची यादी अशी होईल :

“विजयासाठी २७५ धावांचे लक्ष्य होते. सेहवाग शून्यावर बाद झाला. तेंडुलकर १८ धावांवर बाद झाला. कोहलीने ३५ धावा केल्या. गंभीरने ९७ धावा केल्या. धोनीने नाबाद ९१ धावा केल्या. युवराज २१ धावांवर नाबाद राहिला. भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा करून सामना सहा गडी राखून जिंकला.”

यात चुकीचे काहीही नाही. मात्र यातील क्रियापदे पाहा : झाला, केल्या, राहिला, जिंकला. सगळी पूर्ण झालेली क्रिया सांगतात. मराठीत असे रूप घटनेचे दार लावून घेते. वाचकाला पुढच्या वाक्याकडे ओढणारे काही उरत नाही. याउलट ‘खेळत होता’ हे रूप दार उघडे ठेवते, आणि ‘हव्या होत्या’, ‘यायचा होता’ ही रूपे वाचकाची नजर पुढे वळवतात. सामन्यातील ताण व्याकरणात शोधायचा असेल तर तो या दुसऱ्या प्रकारच्या रूपांत सापडतो. विशेषणांत तो नसतो. ‘श्वास रोखून धरायला लावणारा’, ‘अटीतटीचा’ हे शब्द लेखकाची इच्छा सांगतात, मैदानावरची स्थिती सांगत नाहीत.

म्हणून पुनर्लेखनाची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक टप्प्यावर ‘काय झाले’ याच्या शेजारी ‘काय उरले’ हे मांडणे. तेंडुलकर बाद झाला तेव्हा ६.१ षटकांत २ बाद ३१ अशी स्थिती होती, म्हणजे २६३ चेंडूंत २४४ धावा हव्या होत्या. कोहली बाद झाला तेव्हा २१.४ षटकांत ३ बाद ११४, म्हणजे १७० चेंडूंत १६१. गंभीर बाद झाला तेव्हा ४१.२ षटकांत ४ बाद २२३, म्हणजे ५२ चेंडूंत ५२. हे तीन आकडे एका ओळीत ठेवले की सामन्याचा कल दिसू लागतो. चेंडू आणि धावा यांच्यातील अंतर १९ वरून ९ वर आले आणि शेवटी शून्य झाले. गडी हातात असल्यामुळे ही बरोबरी भारताच्या बाजूची होती. तरीही गणित सैल झाले नव्हते, हे लक्षात ठेवा.

दुसरी पायरी म्हणजे कलाटणी ओळखणे. बहुतेक विद्यार्थी धोनीच्या शेवटच्या षटकाराला कलाटणी म्हणतात. त्या चेंडूपूर्वी ११ चेंडूंत फक्त ४ धावा हव्या होत्या. तो षटकार म्हणजे दृश्य आहे, कलाटणी नव्हे. जेथे दोन वाटा खरोखर खुल्या असतात आणि त्यांतील एक बंद होते, तेथे कलाटणी असते. या डावात असे क्षण मला दोन दिसतात. गंभीर ३० धावांवर असताना कुलसेकराकडून त्याचा झेल सुटला. दुसरा क्षण कोहली बाद झाल्यावरचा. स्पर्धेत युवराजची बॅट तळपत होती, धोनीला मात्र तोपर्यंत एकही अर्धशतक करता आले नव्हते. तरी पाचव्या क्रमांकावर तोच उतरला. गंभीर डावखुरा, युवराजही डावखुरा आणि समोर मुरलीधरनसह ऑफस्पिन टाकणारे गोलंदाज. उजव्या हाताचा फलंदाज पाठवण्यामागे हे कारण होते. सुटलेला झेल धावफलकावर येत नाही आणि निर्णयामागचे कारणही येत नाही. वृत्तांतलेखकाने मैदानावर असण्याचे प्रयोजन हेच.

आता हा भाग पुन्हा लिहू :

“२ बाद ३१. सेहवाग आणि तेंडुलकर दोघेही मलिंगाने टिपले होते आणि अजून २४४ धावा हव्या होत्या. गंभीर आणि कोहली एकेक धाव जोडत होते. गंभीर ३० वर असताना त्याने उंच मारलेल्या चेंडूमागे कुलसेकरा धावत गेला, पण झेल हातात राहिला नाही. ८३ धावांची ही जोडी दिलशानने स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेऊन फोडली, तेव्हा १७० चेंडूंत १६१ धावा करायच्या होत्या आणि सर्वांना युवराज अपेक्षित होता. जिन्यातून उतरला तो धोनी.”

शेवटचे वाक्य पाहा. मराठीत कर्ता सहसा आधी येतो. येथे तो शेवटपर्यंत राखून ठेवला आहे. मात्र असे वाक्य संपूर्ण वृत्तांतात एकदाच वापरावे, दोनदा केले की ती खोड होते. ‘-ऊन’ या रूपाबाबतही सावध राहा. ‘झेल घेऊन फोडली’ येथे दोन्ही क्रियांचा कर्ता दिलशानच आहे. ‘झेल सोडून गंभीरला जीवदान मिळाले’ असे लिहिले तर झेल कोणी सोडला हे वाक्यातून हरवते.

येथे एक शंका निघते : निकाल मथळ्यातच असतो, मग ताण कसला? कोण जिंकले हे वाचकाला माहीत असते, कसे जिंकले हे माहीत नसते. त्यासाठी एक बंधन पाळावे लागते. प्रत्येक टप्प्यावर लेखकाने त्या क्षणी प्रेक्षकांना जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगावे. ‘पुढे नाबाद ९१ धावा करणारा धोनी मैदानात उतरला’ असे लिहिले की कथन तेथेच संपते.

कबड्डीला हेच लागू आहे, पण तेथे ‘उरलेले’ मोजण्याचे माप वेगळे आहे. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८-१३ असा पुढे होता आणि भारताने सामना ३८-२९ असा जिंकला. म्हणजे उत्तरार्धात भारताचे गुण २५ आणि इराणचे ११. वृत्तांतात अंतिम गुणसंख्येपेक्षा ही फोड महत्त्वाची. गावातील सामन्यात ती गुणलेखकाच्या कागदावरून मिळते. सामना संपताच तो कागद पाहून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी तो सापडेलच असे नाही. शिवाय आपल्या वहीत चढाईपूर्वी दोन्ही बाजूंचे किती खेळाडू मैदानात आहेत हे लिहीत जावे. समोर दोनच गडी उरलेले असताना केलेल्या चढाईत लोण चढण्याची शक्यता असते. समोर सात असताना मिळवलेला गुण तेवढाच, पण प्रसंग निराळा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका कबड्डी सामन्याच्या उत्तरार्धाची प्रथम केवळ यादी करा. तिच्यातून एकच कलाटणी निवडा व ती कलाटणी का, हे दोन वाक्यांत लिहा. त्यानंतर सुमारे १५० शब्दांचा वृत्तांत लिहा. त्यात ‘रोमहर्षक’, ‘थरारक’ व ‘अटीतटीचा’ हे शब्द नसावेत.