चुकांचा ताळेबंद : एमएचटी-सीईटीच्या तयारीची फाईल

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) आणि साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) या संस्थांमधील बहुतांश जागांचा मार्ग एमएचटी-सीईटी या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेतून जात असल्यामुळे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बारावीचे वर्ष सुरू होताच घरोघरी अभ्यासक्रमाचे तक्ते भिंतीवर लागतात आणि झालेल्या प्रकरणांपुढे खुणा पडू लागतात. काही विद्यार्थी याशिवाय चुकांची वेगळी वहीही ठेवतात. या दोन्ही गोष्टी चांगल्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण तक्ता केवळ काय वाचून झाले हे सांगतो आणि वही केवळ काय चुकले हे सांगते, तर विद्यार्थ्याला प्रत्यक्षात हवे असते ते तिसरेच उत्तर : कोणत्या प्रकरणात कोणत्या प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होते आहे. हे उत्तर मिळवण्यासाठी दोन्ही नोंदी एकाच कागदावर आडव्या-उभ्या भेटल्या पाहिजेत.

त्यासाठी परीक्षेचे स्वरूप आधी समोर ठेवावे लागते. अभियांत्रिकीसाठीच्या गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे असून त्यांना मिळून ९० मिनिटे असतात, तर गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आणि स्वतंत्र ९० मिनिटे मिळतात. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद वाट्याला येतात. सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के भर अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतो. ही निवडक प्रकरणे कोणती, हे सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि तो तपशील शेजाऱ्याच्या मोठ्या मुलाकडून न घेता त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच उतरवून घ्यावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या शेवटच्या नियमाचा नोंदीच्या पद्धतीवर मोठा परिणाम होतो, त्याचा विचार पुढे येईल.

फाईल साधी रिंग फाईल असावी, म्हणजे पाने काढता-घालता येतात. तिच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचा एक आडवा कागद असतो, ज्याच्या ओळींत प्रकरणांची नावे लिहिली जातात. बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकांत भौतिकशास्त्राची १६, रसायनशास्त्राची १६ आणि गणिताच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणे आहेत. त्यांच्या खाली अकरावीची निवडक प्रकरणे येतात. रकान्यांत चुकांची कारणे येतात आणि ती पाचच ठेवणे सोयीचे ठरते : संकल्पना, म्हणजे विषयच समजलेला नसणे, आठवण, म्हणजे समजूनही सूत्र किंवा अभिक्रिया न आठवणे, एकक व आकडेमोड, वाचन, म्हणजे प्रश्नात विचारले एक आणि सोडवले दुसरे, आणि ओळख, म्हणजे सर्व ज्ञान असूनही या प्रश्नाला कोणती रीत लागू पडते हे न कळणे. यात दोन लोकप्रिय शब्दांना मुद्दाम जागा दिलेली नाही. पहिला म्हणजे ‘सिली मिस्टेक’. ज्या चुकीचे कारण शोधायचा कंटाळा आला तिला हे नाव दिले जाते आणि त्या नावाखाली टाकलेली चूक पुढच्या परीक्षेत जशीच्या तशी परत येते. दुसरा म्हणजे ‘वेळ पुरला नाही’. वेळ का पुरला नाही, हे वरील पाचांपैकी एखाद्या रकान्यात सापडतेच, आणि बहुतेक वेळा ते ‘ओळख’ या रकान्यात सापडते.

गणितातील एक परिचित प्रश्न यासाठी पाहता येईल : ० ते π/२ या मर्यादांमध्ये sin x/(sin x + cos x) या फलाचे संकलन करणे. डेफिनिट इंटिग्रेशनच्या गुणधर्मानुसार x च्या जागी (π/२ − x) घातले असता अंशातील sin x चा cos x होतो, दोन्ही रूपांची बेरीज १ येते, म्हणून दुप्पट उत्तर π/२ आणि खरे उत्तर π/४, हे सारे अर्ध्या मिनिटात आटोपते. जो विद्यार्थी हा गुणधर्म पाठ असूनही तो इथे वापरायचा आहे हे ओळखत नाही, तो अंश-छेदाची फोड करत चार मिनिटे घालवतो, उत्तर कदाचित बरोबरही आणतो, आणि त्या चार मिनिटांपायी शेवटचे दोन प्रश्न सोडवायचे राहतात. उत्तरतालिकेशी ताडून पाहणाऱ्याला हे दोन प्रश्न चुकलेले दिसतील आणि खरा दोषी प्रश्न बरोबर दिसेल. म्हणून सराव परीक्षेत ज्या प्रश्नाने दुप्पट वेळ खाल्ला, त्याची नोंद उत्तर बरोबर असले तरी करावी लागते.

आता आडव्या-उभ्या नोंदीचा खरा फायदा कोठे दिसतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहावे. समजा एका विद्यार्थिनीच्या तीन सराव परीक्षांत भौतिकशास्त्रात २६ चुका झाल्या आणि त्या कोणत्याही एका प्रकरणात न साठता बारा प्रकरणांत विखुरल्या. नुसती प्रकरणनिहाय यादी पाहिली तर प्रत्येक ओळीत दोन-तीन चुका दिसतात आणि घरातले साहजिकच म्हणतात की सगळेच कच्चे आहे, पहिल्यापासून वाचायला घे. परंतु तिच्या कागदावर उभा रकाना पाहिला असता ‘एकक व आकडेमोड’ यात सात चुका सहा प्रकरणांत पसरलेल्या आढळतात. रोटेशनल डायनॅमिक्समध्ये मिनिटाला ३०० फेरे हा वेग तिने तसाच ω म्हणून घातला, वास्तविक तो सेकंदाला ५ फेरे, म्हणजे १०π रेडियन प्रतिसेकंद होतो. वायूंच्या गतिज सिद्धांतात तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ३२७ अंशांवर गेल्यास रेणूंचा आरएमएस वेग किती पट होईल, या प्रश्नात केल्विनमध्ये ३०० चे ६०० होतात आणि उत्तर √२ पट येते, पण तिने अंश सेल्सिअसचेच गुणोत्तर घेतल्यामुळे सुमारे साडेतीन पट आले. अशा चुकीचे उत्तर पर्यायांत अनेकदा ठेवलेलेच असते, त्यामुळे विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये मायक्रोफॅरडचा १०⁻⁶ सुटला. ही सहा प्रकरणे पुन्हा वाचण्यात तिचे दोन आठवडे गेले असते आणि सातही चुका शाबूत राहिल्या असत्या, कारण त्या प्रकरणांत नाहीत, किंमती घालण्यापूर्वी एकके न लिहिण्याच्या सवयीत आहेत. तिच्यासाठी उपाय एवढाच की पंधरा दिवस प्रत्येक उदाहरणात दिलेली राशी एककासह कच्च्या कागदावर आधी मांडायची आणि मगच सूत्राकडे जायचे. याउलट एखाद्या ओळीत, उदाहरणार्थ एसी सर्किट्समध्ये, संकल्पना आणि आठवण अशा दोन्ही रकान्यांत चुका साठल्या असतील तर ते प्रकरण शिक्षकांकडे घेऊन जावे लागते आणि तेथे सवयीचा कोणताही उपाय चालत नाही. थोडक्यात, ओळ भरली तर पुस्तक उघडायचे आणि रकाना भरला तर सवय बदलायची.

या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ‘वाचन’ या रकान्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. जत, आटपाडी, माण, खटाव यांसारख्या तालुक्यांतील अनेक मुले जिल्हा परिषदेच्या किंवा रयत शिक्षण संस्थेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावी होतात आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत येतात, शिवाय सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पाच वेळा नाणे उडवले असता at least two heads मिळण्याची संभाव्यता विचारली तर उत्तर १३/१६ येते, तर at most two heads चे उत्तर १/२ येते. या दोन शब्दप्रयोगांची गल्लत करणारा विद्यार्थी बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनमध्ये कच्चा आहे असे त्याच्या गुणपत्रकावरून वाटते, आणि क्लासमध्ये त्याला तेच प्रकरण पुन्हा शिकवले जाते. वास्तविक त्याला not less than, at most, except, incorrect अशा वीस-पंचवीस शब्दप्रयोगांचे एक पान हवे असते, जे फाईलमध्ये त्या रकान्याशेजारीच लावावे आणि प्रश्नात असा शब्द दिसताच तो कच्च्या कागदावर लिहून घ्यावा, कारण संगणकाच्या पडद्यावर प्रश्नपत्रिकेसारखी अधोरेखा मारता येत नाही.

गुणकपात नसल्यामुळे शेवटच्या मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांना काहीतरी उत्तर देणे हेच शहाणपणाचे असते. मात्र चार पर्यायांपैकी एक डोळे झाकून निवडला तरी सरासरीने चारात एक उत्तर बरोबर येते, म्हणजे गणितात वीस प्रश्न असे सोडवले तर पाच बरोबर येऊन दहा गुण फुकट मिळतात आणि चुकांच्या नोंदीतून ते पाच प्रश्न निसटतात. यासाठी सराव परीक्षेत अंदाजाने दिलेल्या प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक कच्च्या कागदावर गोल करून ठेवावा आणि उत्तर बरोबर आले तरी त्याची नोंद चुकीप्रमाणेच करावी. मुलाचे गुण एका परीक्षेत अचानक वाढले आणि पुढच्यात पुन्हा घसरले की पालक घाबरतात. पुष्कळदा त्या चढउताराचे कारण या गोलांच्या संख्येत सापडते.

नोंदीतली दुसरी फसवी जागा म्हणजे कोरी ओळ. मॅग्नेटिक मटेरियल्सच्या ओळीत एकही चूक नाही याचा अर्थ ते प्रकरण पक्के आहे असाही होतो आणि त्या प्रकरणाचा एकही प्रश्न सोडवलेला नाही असाही होतो. म्हणून ओळीच्या शेवटी चुकलेले आणि सोडवलेले प्रश्न अपूर्णांकासारखे लिहावेत. ०/२ आणि ०/३० यांत जो फरक आहे तो नुसत्या शून्यात दिसत नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वाट्याला येणारे सुमारे ४० प्रश्न १६ प्रकरणांत वाटले गेल्याने एका पूर्ण सराव परीक्षेत एका प्रकरणाचे दोन-तीनच प्रश्न येतात, त्यामुळे एका परीक्षेवरून कोणत्याही ओळीविषयी मत बनवू नये. किमान वीसेक प्रश्न झाल्याशिवाय ती ओळ काही सांगत नाही. रकाने मात्र लवकर बोलू लागतात, कारण त्यांत पूर्ण पेपरातील चुका गोळा होतात.

ही फाईल बिघडते ती प्रामुख्याने सुबकतेपायी. तीन रंगांच्या पेनांनी संपूर्ण प्रश्न उतरवून, उत्तर सजवून लिहिण्यात एका चुकीमागे दहा मिनिटे जातात आणि दोन आठवड्यांत फाईल बंद पडते. नोंद दोन ओळींची पुरते : परीक्षा व प्रश्न क्रमांक, आणि नेमके काय केले ते एका वाक्यात, जसे ‘सेल्सिअसचे केल्विन केले नाही’. ‘लक्ष दिले नाही’ अशी नोंद निरुपयोगी असते, कारण त्यातून पुढच्या वेळी काय वेगळे करायचे हे कळत नाही. तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा-बारा दिवसांनी तोच प्रश्न जुने उत्तर झाकून सोडवावा. दोन्ही वेळा बरोबर आला आणि मधल्या परीक्षेत त्या जातीची चूक झाली नाही, तरच नोंदीवर काट मारावी. पालकांना फाईल पाहायची असेल तर त्यांनी चुकांची एकूण संख्या मोजू नये, कारण प्रामाणिकपणे भरलेल्या फाईलमध्ये ती पहिले दोन महिने वाढतच जाते. काट मारलेल्या नोंदींच्या तारखा पुढे सरकत आहेत का एवढेच पाहावे. पर्सेंटाइलचा हिशेबही या फाईलमध्ये मांडू नये : ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत, तर त्या सत्रातील ९५ टक्के परीक्षार्थींचे गुण तितकेच किंवा कमी असणे, आणि क्लासच्या साठ मुलांच्या सराव परीक्षेतून तो आकडा काढता येत नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले की काट मारलेली पाने रिंगमधून काढून बाजूला ठेवावीत. उरलेल्या उघड्या नोंदी साधारण चार-पाच पानांत मावल्या पाहिजेत. त्याहून जास्त उरल्या तर ज्या प्रकरणांतून एखाद-दुसराच प्रश्न अपेक्षित आहे आणि ज्यांच्या ओळीत संकल्पनेच्या चुका अजून आहेत ती प्रकरणे सोडून द्यावीत आणि शिल्लक दिवस भरलेल्या रकान्यांना द्यावेत.