केस ब्रीफ लिहायचं कसं? एका शाळेच्याच खटल्यावरून

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर 'केस ब्रीफ' हा शब्द तुमच्याही कानावर आला असेल. लांबलचक निकालपत्र एका पानात आणायचं: वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, निर्णय आणि कारणमीमांसा. माझी भाची सुट्टीत तिची असाइनमेंट घेऊन आली. खटला होता बिजो इमॅन्युअल विरुद्ध केरळ राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८६. शाळेचाच खटला, म्हणून मीही वाचायला बसले.

केरळमधली तीन भावंडं रोज परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की सर्वांबरोबर उभी राहायची, पण गायची नाहीत. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती आणि गाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. जुलै १९८५ मध्ये हा विषय विधानसभेत निघाला. चौकशी झाली आणि मुलांनी अनादर केलेला नाही असा अहवालही आला. तरी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात मुलं हरली, सर्वोच्च न्यायालयात जिंकली.

भाचीने वस्तुस्थितीलाच दीड पान घालवलं होतं: कोण कितवीत, वडिलांनी काय विनंती केली, सगळं. आणि निर्णय मात्र एका ओळीत: "राष्ट्रगीत म्हणणे बंधनकारक नाही."

"मावशी, एवढंच तर आहे!" ती म्हणाली.

खरी चूक तिथेच होती, दीड पानापेक्षा मोठी. न्यायालय असं सरसकट बोललेलंच नाही. निर्णय म्हणजे 'कोण जिंकलं' नाही आणि बातमीचा मथळाही नाही. समोर आलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं, आणि ते प्रश्नाएवढंच रुंद असतं. म्हणून मी तिला क्रम उलटा करायला लावला. आधी मुद्दा एका प्रश्नात लिही, वस्तुस्थिती नंतर.

तिचा पहिला प्रश्न होता, "मुलांना काढणे योग्य होते का?" हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारता येतो. मुद्द्यात कायदा आणि घटना दोन्ही दिसायला हवेत. तिसऱ्या प्रयत्नात जमलं: आदराने उभी राहणारी, पण खऱ्या धार्मिक श्रद्धेमुळे न गाणारी मुलं शाळेतून काढणं हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तीच्या आणि अनुच्छेद २५(१) मधील धर्मस्वातंत्र्याच्या हक्काचा भंग आहे का?

आता वस्तुस्थिती गाळायची. एकेक गोष्ट मनातल्या मनात बदलून बघायची. मूल पाचवीऐवजी सातवीत असतं तर उत्तर बदललं असतं? नाही. मग इयत्ता गेली. मुलं उभी न राहता बसून राहिली असती तर? कदाचित बदललं असतं. म्हणून 'आदराने उभी होती' हे राहिलंच पाहिजे. श्रद्धेचं कारण नसतं तर? तेही राहिलं. दीड पानाच्या पाच ओळी झाल्या.

कारणमीमांसा सगळ्यात अवघड, कारण निकालपत्रात अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या निकालांचीही बरीच चर्चा आहे आणि विद्यार्थी त्यातच हरवतो. त्या चर्चेला एक ओळ पुरे. मुख्य धागा वेगळा आहे. अभिव्यक्तीच्या हक्कावर बंधन घालायचं तर ते कायद्यानेच घालावं लागतं. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो. न गाणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. आणि शिक्षण खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. (हे वाचताना मी जरा थांबलेच. आपला निम्मा दिवस परिपत्रकांवर चालतो!) श्रद्धेच्या बाबतीत उच्च न्यायालयाने राष्ट्रगीतातल्या शब्दांत धर्माला दुखावणारं काही आहे का, ते तपासलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कसोटीच चुकीची. श्रद्धा मनापासूनची आहे का एवढंच बघायचं. शिवाय अनुच्छेद ५१क मधलं राष्ट्रगीताचा आदर करण्याचं कर्तव्य नीट उभं राहण्यानेही पाळलं जातं.

त्यानंतर भाचीने निर्णय पुन्हा लिहिला: "होय, भंग आहे. आदराने उभ्या राहणाऱ्या मुलांना, खऱ्या श्रद्धेमुळे गायली नाहीत म्हणून, कायद्याचा आधार नसताना शाळेतून काढता येणार नाही. अपील मंजूर, मुलांना शाळेत परत घ्यावे."

मग तिने विचारलं, "उद्या गाणं सक्तीचं करणारा कायदाच केला तर?" मी म्हटलं, ते या ब्रीफमध्ये लिहू नकोस. तो प्रश्न त्या दिवशी न्यायालयापुढे नव्हता.