आपल्या रस्त्याला किती टन डांबरी माल लागतो?

मैत्रिणींनो, पुण्याचा जंगली महाराज रस्ता तुम्हाला माहीत असेल. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही, म्हणून आजही त्याचं नाव निघतं. आपल्या गल्लीचा रस्ता मात्र पहिल्याच पावसात उखडतो. कारणं बरीच असतात. त्यातलं एक आपण स्वतः हिशेब करून पकडू शकतो: माल कमी टाकणं.

आधी एक गोष्ट. रस्त्यावर जो काळा गरम माल पसरतात, तो नुसता डांबर नसतो. त्यात बहुतेक खडी आणि बारीक चुरा असतो, डांबर शंभर किलोत साधारण पाचच किलो. आपण मोजतोय ते या सगळ्या मालाचं वजन.

समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आहे आणि अंदाजपत्रकात थर ३० मिलिमीटर लिहिलाय. हा थर रोलर फिरवून दाबल्यानंतरचा असतो.

१. लांबी गुणिले रुंदी: १०० × ३ = ३०० चौरस मीटर.

२. जाडी मीटरमध्ये करा. १००० ने भागायचं, म्हणजे ३० मिमी = ०.०३ मीटर. इथेच चूक होते. ०.३ लिहिलं तर उत्तर दहापट येईल.

३. ३०० × ०.०३ = ९ घनमीटर.

४. दाबलेला एक घनमीटर माल साधारण २.३ टन भरतो. ९ × २.३ = २०.७ टन.

खडीच्या जातीप्रमाणे वजन थोडं बदलतं, खालचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा असेल तर माल जास्त लागतो. म्हणून एखाद्या टनाच्या फरकावरून भांडू नका.

आता उलटा हिशेब. डंपरसोबत वजनकाट्याची पावती येते. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माल कळतो. समजा दोन डंपरमध्ये मिळून १४ टनच आला. १४ ÷ २.३ = जवळपास ६.१ घनमीटर. त्याला ३०० ने भागलं की ०.०२ मीटर, म्हणजे थर फक्त २० मिमीचा! कागदावर ३०, रस्त्यावर २०.

मग काय करायचं? काम सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीत अंदाजपत्रक बघायला मागा आणि लांबी, रुंदी, जाडी वहीत उतरवून घ्या. कामाच्या दिवशी दोघीजणींनी थांबून प्रत्येक गाडीची पावती लिहून घ्या. पसरलेला माल सैल असताना जाड दिसतो, रोलर फिरला की बसतो, तेव्हा नुसत्या नजरेवर जाऊ नका. आकडा जुळला नाही तर रोलर निघून जायच्या आतच सरपंच आणि अभियंत्यांना वही दाखवा. थर थंड झाला की तो मोजायला रस्ता कापावा लागतो.