फोटोतल्या तक्त्यावरून लघुतम वर्ग रेषा

लघुतम वर्ग रेषा म्हणजे अशी सरळ रेषा, जिच्यापासून प्रत्येक निरीक्षणाचे उभे अंतर मोजून त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज केली, तर ती इतर कोणत्याही सरळ रेषेपेक्षा कमी भरते. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ही पद्धत १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकात छापली. पाच-सहा निरीक्षणे असतील तर ती कागदावर सहज करता येते. पुढील संवादात प्रयोगवहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेतला आहे. स्प्रिंगला टांगलेले वजन आणि स्प्रिंगची लांबी त्यात हाताने लिहिलेली आहे.

विद्यार्थी : मॅडम, फोटोवरून मी आकडे असे उतरवले.

| वजन (ग्रॅम) | ५० | १०० | १५० | २०० | २५० |
|---|---|---|---|---|---|
| लांबी (सेंमी) | १२.१ | १३.१ | १६.२ | १७.८ | २०.० |

शिक्षिका : आधी वजने सोपी करून घे. प्रत्येकातून सरासरी १५० वजा कर आणि ५० ने भाग.

विद्यार्थी : −२, −१, ०, १, २.

शिक्षिका : यांची बेरीज शून्य आहे, म्हणून पुढचे काम हलके होते. आता लांबीची सरासरी काढ. मग प्रत्येक लांबीला तिच्या वरच्या सोप्या आकड्याने गुणून बेरीज कर.

विद्यार्थी : लांबींची बेरीज ७९.२, सरासरी १५.८४. गुणाकार −२४.२, −१३.१, ०, १७.८ आणि ४०.०, बेरीज २०.५.

शिक्षिका : सोप्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + ० + १ + ४ = १०. २०.५ ला १० ने भागले की चढ मिळतो : दर ५० ग्रॅमला २.०५ सेंमी. रेषा नेहमी दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून जाते, म्हणून १५० ग्रॅमला ती १५.८४ वर असणार. तिथून २.०५ च्या पायऱ्यांनी दोन्हीकडे जा.

विद्यार्थी : रेषेवरच्या लांबी ११.७४, १३.७९, १५.८४, १७.८९, १९.९४. मोजलेल्या लांबीतून त्या वजा केल्या तर फरक ०.३६, −०.६९, ०.३६, −०.०९, ०.०६. बेरीज बरोबर शून्य आली! म्हणजे उत्तर पक्के ना?

शिक्षिका : शून्य आले म्हणजे बेरीज-वजाबाकी चुकली नाही, एवढेच. तक्त्यात कोणताही चुकीचा आकडा घाल, रेषा त्याच्याशी जुळवून घेते आणि फरकांची बेरीज तरीही शून्यच येते. म्हणून एकेक फरक पाहायचा. इथे −०.६९ सर्वांत मोठा आहे, आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचे फरक धन आहेत. एक बिंदू खाली ओढला गेला की रेषाही थोडी खाली येते आणि शेजारचे बिंदू तिच्यावर राहतात.

विद्यार्थी : हे आधीच कळले असते का?

शिक्षिका : लागोपाठच्या लांबींतली वाढ बघ : १.०, ३.१, १.६, २.२. वजन सारखेच वाढते आहे आणि वाढ एकदा निम्मी, लगेच तिप्पट. आकडा खाली वाचला गेला की त्याच्या आधीची वाढ कमी होते आणि नंतरची तेवढीच जास्त. ही वजाबाकी रेषा काढण्यापूर्वी करावी. आता फोटो मोठा करून दुसरा रकाना पुन्हा वाच.

विद्यार्थी : शेवटचा अंक पुसट आहे. १ वाटतो, पण ९ सुद्धा असू शकेल.

शिक्षिका : त्याच पानावर त्याच हाताने लिहिलेला दुसरा ९ शोध. तारखेत असेल, प्रयोग क्रमांकात असेल.

विद्यार्थी : तारखेत आहे. त्याची गाठ अशीच डावीकडे वळते. म्हणजे १३.९.

शिक्षिका : हा पुरावा पानावर मिळाला, म्हणून बदल करता येतो. फक्त रेषा नीट बसावी म्हणून आकडा बदलायचा नाही; शंका मिटली नसती तर मूळ वही मागवावी लागली असती. आता सगळे नव्याने करू नकोस. लांबी ०.८ ने वाढली, तर सरासरी ०.१६ ने वाढून १६.०० होते. त्या लांबीचा गुणक −१ आहे, म्हणून गुणाकारांची बेरीज २०.५ वरून १९.७ वर येते.

विद्यार्थी : चढ १.९७. फरक ०.०४, −०.१३, ०.२०, −०.१७, ०.०६. फरकांच्या वर्गांची बेरीज आधी ०.७४७ होती, आता ०.०९१.

शिक्षिका : चढाला ५० ने भाग म्हणजे दर ग्रॅमला ०.०३९४ सेंमी मिळेल. १६.०० मधून तीन पायऱ्या, म्हणजे ५.९१ वजा केले की शून्य वजनाची लांबी १०.०९. रेषा अशी :

लांबी = १०.०९ + ०.०३९४ × वजन

विद्यार्थी : मग ५०० ग्रॅमला लांबी २९.७९ सेंमी, असे लिहू का?

शिक्षिका : नको. तक्ता ५० ते २५० ग्रॅमपर्यंतच आहे. जास्त वजनाने स्प्रिंग कायमची ताणली जाऊ शकते, आणि मग लांबी या सरळ रेषेवर राहत नाही. उत्तराखाली ही मर्यादाही लिही.