खेळातील पात्रांची स्मृती

संगणकाच्या खेळातील पात्र 'मागे तू मला साहाय्य केलेस' असे म्हणते, तेव्हा त्याला सारे संभाषण आठवत असते असे नाही. महत्त्वाच्या प्रसंगी खेळाडूने काय निवडले, याची केवळ एक खूण जतन केलेली असते. गोष्ट घडली तर १, न घडली तर ०. काही खेळांत जोडीला एका ओळीचा सारांशही ठेवतात. पुढील भेटीत संगणक ती खूण पाहतो आणि लेखकाने आधीच लिहिलेल्या वाक्यांतून योग्य ते निवडतो. संभाषण जसेच्या तसे साठवले असते, तर खेळाडू सौम्य वागला की कठोर, हे त्यातून दर वेळी शोधावे लागले असते.

मात्र खूणच चुकली तर? २००७ सालच्या 'मास इफेक्ट' या कॅनडातील खेळात कॉनरॅड व्हर्नर नावाचा भाबडा चाहता नायकाला भेटतो. त्याला गोडीने समजवावे की पिस्तूल रोखून दरडवावे, हे खेळाडूने ठरवायचे. २०१० साली दुसरा भाग आला. त्यात ही खूण नीट पोहोचलीच नाही आणि गोडीने वागलेल्या खेळाडूंनाही कॉनरॅड पिस्तुलाची आठवण देऊ लागला! त्याचे म्हणणे ताडून पाहण्यास मूळ संभाषण कोठेच नव्हते. अखेर २०१२ च्या तिसऱ्या भागात लेखकांनी त्याच्याच तोंडी क्षमायाचना घातली. त्या वेळी आपले मन थाऱ्यावर नव्हते, असे तो सांगतो.